अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता

प्रश्न: आमचं प्रेस शॉप आहे, सहा प्रेस. गेल्या महिन्यात दुसऱ्या पाळीत रात्री पावणेनऊला चार नंबरच्या 50 टनी प्रेसवर आमच्या ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पहिल्या पाळीच्या 18 जणांना गोळा केलं आणि पंचवीस मिनिटं बोललो. डायमध्ये हात घालू नका म्हणून किती वेळा सांगितलंय, कंपनी त्याची सगळी काळजी घेईल, सगळ्या प्रेसना सेन्सर बसवून घेऊ, असं सगळं बोललो. शेवटी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? कुणी तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी कळलं, त्याच आठवड्यात ती प्रेस दोनदा डबल मारली होती, म्हणजे पेडल एकदा दाबल्यावर रॅम पुन्हा आपोआप खाली आला होता, आणि पोरांना ते माहीत होतं. अशा सकाळी नेमकं काय बोलायचं असतं?
— एक सुपरवायझर, चाकण

उत्तर: तुमचं बोलणं घसरलं ते ‘किती वेळा सांगितलंय’ इथे. एवढं ऐकलं की समोरच्या माणसांना चौकशीचा निकाल कळतो: चूक ऑपरेटरची. मग ज्याने प्रेस डबल मारताना पाहिली, त्याचा मनातल्या मनात हिशोब सुरू होतो. आपण बोललो तर पुढचा प्रश्न येणार, आधी का नाही सांगितलंस? आणि आधी सेटरला तोंडी सांगितलं असेल, तर सेटर शेजारीच उभा. तो गप्प बसला यात नवल काय?

हात आत गेला हे कुणीही सांगेल. हाताने ब्लँक ठेवायचा आणि हातानेच जॉब काढायचा अशी डाय असेल, तर हात दर जॉबला आत जातो, एका पाळीत हजारावर वेळा. त्या एका वेळी हात आत असताना रॅम खाली का आला, हा खरा प्रश्न. तुमची चार नंबरची प्रेस डबल मारत होती म्हणजे ती बहुधा पिन क्लचची, असं धरून पुढचं लिहितो. या प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की खिट्टी सरकते, स्प्रिंगवरची पिन फ्लायव्हीलमध्ये घुसते आणि क्रँकशाफ्ट त्याच्याबरोबर फिरतो. एक फेरा झाला की परत आलेल्या खिट्टीने पिन बाहेर काढायची आणि ब्रेकने रॅम वर थांबवायचा. खिट्टीची स्प्रिंग तुटली, तिची कड झिजून गोल झाली, पेडलखाली स्क्रॅपचा तुकडा अडकून पेडल वर आलंच नाही, किंवा ब्रेकच्या लायनिंगला तेल लागून शाफ्ट वरच्या टोकाच्या पुढे घसरला, यातलं काहीही झालं तर रॅम न दाबता पुन्हा येऊ शकतो. पेडलला कव्हर नसेल तर वरून पडलेला एखादा ब्लँकही ते दाबू शकतो. अपघात रात्री पावणेनऊचा आणि तुम्ही बोलता सकाळी सातला. मधल्या दहा तासांत क्लच उघडून कुणी पाहिलेला नसतो. म्हणून त्या सकाळी कारण सांगायचंच नाही, ऑपरेटरच्या बाजूचंही नाही आणि मशीनच्या बाजूचंही नाही.

मग काय सांगायचं? काय घडलं, तो माणूस कसा आहे, आज काय बंद आणि काय चालू, आणि माहिती कुणाला द्यायची. पाच-सहा मिनिटं पुरतात. अर्ध्या लोकांना रात्री झोप लागलेली नसते. उभं राहून पंचवीस मिनिटं ऐकलं की ‘साहेब चिडले होते’ एवढंच लक्षात राहतं. पण पाच मिनिटं नीट बोलायची तर आधीचा एक तास हाताशी हवा. सहाला पोचा.

पहिलं काम दवाखान्याचं. रात्रीच्या ऐकीव बातमीवर जाऊ नका. जखमीच्या घरच्या माणसाशी स्वतः फोनवर बोला आणि त्यालाच विचारा, की पोरांना काय सांगितलेलं चालेल. दुसरं, चार नंबरचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप आणि तुमच्या नावाची पाटी लागली आहे का ते डोळ्यांनी पाहा. रात्री घाईत स्विच बंद केला जातो, कुलूप राहून जातं. रात्री थांबलेल्यांना एक गोष्ट विचाराच: बोटं सोडवताना किंवा नंतर कुणी रॅम हलवला का, पेडल किंवा डायला हात लावला का? लावला असेल तर तेही लिहून ठेवायचं. ओरडायचं नाही, माणूस सोडवायला लावला असेल.

तिसरं काम अवघड, कारण त्यात माल अडतो. चार नंबरसारखाच क्लच आणखी कुठल्या प्रेसना आहे? धरून चालू, दोन आणि पाचला. त्या दोन्ही तपासणी होईपर्यंत बंद राहणार हा निर्णय मॅनेजरकडून सातच्या आत घ्यायचा आणि आजच्या प्लॅनमधून तेवढा जॉब काढून टाकायचा. तो निर्णय हातात नसेल तर तुमच्या बोलण्याला अर्थ उरत नाही. इकडे तुम्ही म्हणाल सुरक्षितपणे काम करा आणि सव्वासातला त्याच जातीच्या प्रेसवर दुसरा पोरगा बसेल, तर पोरं ते बघतील आणि तुमचं भाषण विसरतील. याच बैठकीत मॅनेजरकडून आणखी एक शब्द घ्या, की आज जो माहिती देईल त्याला ‘आधी का नाही सांगितलं’ म्हणून मेमो निघणार नाही. हा शब्द मिळाला नाही तर तो पोरांना देऊ नका.

चौथं, ईएसआय. जखमी कंत्राटी असेल तर त्याचा विमा क्रमांक खरोखर निघालेला आहे का, ते एचआरकडून आकड्यासकट बघून घ्या. याचं कारण पुढे येतंय.

आता प्रत्यक्ष बोलणं. कागदावर लिहून आणा आणि बघून वाचा, त्यात कमीपणा नाही. तोच कागद दुपारी दुसऱ्या पाळीला वाचायचा असतो. दोन पाळ्यांना दोन तऱ्हांनी सांगितलं की संध्याकाळपर्यंत गेटवर तिसरीच गोष्ट तयार होते. जागा चार नंबरपासून लांब निवडा, जिथून ती दिसणार नाही. आणि चालू प्रेस बंद करूनच बोला, आवाजात अर्धं ऐकू जात नाही. जखमीचं नाव घ्यायचं. रोज जेवायला शेजारी बसणाऱ्या माणसाला ‘संबंधित कर्मचारी’ म्हटलेलं पोरांना खुपतं. इथे आपण त्याला गणेश म्हणू.

> “सगळे जवळ या. पाच मिनिटं मी बोलतो, मग तुम्ही विचारा.
>
> काल दुसऱ्या पाळीत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, चार नंबर प्रेसवर गणेशचा उजवा हात डायमध्ये सापडला. दोन बोटं तुटली. सव्वानऊला त्याला दवाखान्यात पोचवलं, रात्री ऑपरेशन झालं. आज सकाळी सव्वासहाला मी त्याच्या भावाशी बोललो. गणेश शुद्धीवर आहे. भाऊ आणि आपल्या एचआरचा माणूस त्याच्याजवळ आहेत. भेटायला आज कुणी जाऊ नका, भावाने सांगितलं की मी कळवतो.
>
> हात आत असताना रॅम खाली आला, एवढं माहीत आहे. का आला ते माहीत नाही. क्लच, ब्रेक आणि पेडल तपासल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही.
>
> चार नंबरला कुलूप आहे, भोवती पट्टी लावली आहे. पट्टीच्या आत कुणी जायचं नाही. पुसायचं नाही, झाडायचं नाही, हत्यार उचलायचं नाही. दोन आणि पाच नंबरला तसाच क्लच आहे म्हणून त्याही बंद. मेंटेनन्स तपासून लिहून देईल, त्यावर मॅनेजर सही करतील, तोवर चालू होणार नाहीत. एक, तीन आणि सहा चालतील, पण सुरू करण्याआधी सेफ्टी माझ्यासमोर तपासायच्या. दोन आणि पाचवरचे चौघं आज पॅकिंगला. ब्रॅकेटचा जॉब आजच्या प्लॅनमधून काढला आहे.
>
> चार नंबरवर किंवा कुठल्याही प्रेसवर या आठवड्यात काही वेगळं दिसलं असेल, पेडल अडकलं असेल, रॅम वर नीट थांबला नसेल, डबल मारली असेल, तर मला सांगा. आधी का नाही सांगितलं हे कुणी विचारणार नाही, मॅनेजरशी तसं बोलणं झालंय. दहा ते अकरा मी स्टोअरच्या मागच्या खोलीत एकटा बसतो.
>
> मोबाईलमध्ये फोटो किंवा व्हिडिओ असेल तर कुणाला पाठवू नका आणि पुसूही नका. मला येऊन दाखवा.
>
> दुपारी साडेतीनला मी इथेच पुन्हा सांगेन, तोवर जे कळलं असेल ते. आता विचारा.”

हे सावकाश वाचलं तरी तीन मिनिटांच्या आत होतं. तुमच्याकडे बिहार-ओडिशाची मुलं असतील तर बंद प्रेसचा आणि माहिती देण्याचा भाग हिंदीत पुन्हा सांगा: “दो, चार और पाँच नंबर कोई चालू नहीं करेगा.” नुसतं समजलं का विचारून भागत नाही, सगळे मान हलवतात. त्यातल्या एकाला विचारा, आज कुठल्या प्रेस बंद? त्याने आकडे सांगितले की झालं.

यातल्या काही वाक्यांमागची कारणं तुम्हाला माहीत हवीत. ‘पट्टीच्या आत जायचं नाही’ हे नुसतं पुरावा राखण्यासाठी नाही. पिन क्लचच्या प्रेसची मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढ्यात पेडल दबलं तर रॅम एक स्ट्रोक मारू शकतो. सकाळपर्यंत ते थांबलेलं असणारच, पण मेंटेनन्सचा माणूस आत शिरताना फ्लायव्हील थांबल्याची खात्री करून, डायमध्ये सेफ्टी ब्लॉक उभा करूनच हात घालेल, हे तुम्ही पाहायचं. अपघाताच्या तपासणीत दुसरा अपघात होतो तो असाच.

पुसायचं नाही यावर कुणीतरी म्हणेलच, की रक्त तसंच ठेवायचं? फोटो काढून, मापं घेऊन आणि वरून परवानगी आल्यावरच साफ करायचं. तेही हाउसकीपिंगच्या पोराने फडक्याने नव्हे. रबरी हातमोजे घालून, वर कागद टाकून त्यावर 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग उचलायचं. जखमी 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकणार नसेल तर अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं व्यवस्थापनाला बंधनकारक आहे. तुटलेल्या बोटांच्या बाबतीत दोन दिवस वाट बघण्यासारखं काही नाही. ते पत्र गेलं का, हे सातच्या आधी विचारून ठेवा, कारण निरीक्षक आले तर पहिला प्रश्न जागा हलवली का हाच असतो.

चालू ठेवलेल्या प्रेसच्या सेफ्टी तपासणं म्हणजे रजिस्टरवर टिक करणं नव्हे. एअर क्लचच्या प्रेसवर एकच बटन दाबून बघा, रॅम हलता कामा नये. दोन्ही दाबून धरून ठेवा, एक स्ट्रोक होऊन तो वर थांबला पाहिजे. लाइट कर्टन असेल तर रॅम खाली येताना किरणांमध्ये लाकडी काठी धरा, हात नाही. रॅम तिथेच थांबला पाहिजे. एका प्रेसला पाच मिनिटं लागत नाहीत. आणि त्या सकाळी पोरं हे तुमच्या शब्दांपेक्षा जास्त लक्ष देऊन बघतात.

आता प्रश्न. चार तरी येतातच.

‘बोटं जोडली का?’ डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांच्या परवानगीने जेवढं सांगता येईल तेवढंच. ‘होईल सगळं नीट’ म्हणू नका. प्रेसमध्ये चिरडलेलं बोट आणि धारदार पात्याने कापलेलं बोट यांत फार फरक असतो, चिरडलेलं जोडणं पुष्कळदा शक्य होत नाही.

‘त्याच्या पगाराचं काय?’ इथे ‘कंपनी सगळं बघेल’ हे उत्तर देऊ नका. विमा असेल तर सांगा: कामावरची इजा म्हणून ईएसआयमधून, तो कामावर येऊ शकत नाही तेवढे दिवस, सरासरी रोजच्या वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे बघितलं जात नाही. कंपनीने अपघाताचा अहवाल ईएसआयला पाठवावा लागतो. तो एचआर आज पाठवते आहे, संध्याकाळी मी विचारून सांगतो. बोटं कायमची गेल्याची भरपाई वेगळी असते आणि ती मेडिकल बोर्डाने किती टक्के अपंगत्व ठरवलं त्यावर अवलंबून राहते. तो आकडा तुम्ही मोजून सांगू नका. विमा क्रमांक निघालेलाच नसेल, तर हे उत्तर देताच येणार नाही. म्हणून सहा वाजता ते बघायला सांगितलं.

‘चूक कुणाची?’ यावर ‘तपासणी झाल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि त्याआधी इथे कुणी गणेशचं नाव घेऊन बोललं तर मी थांबवेन’ एवढं पुरे. इथे मालक शेजारी उभे असतील आणि मध्येच काही बोलतील अशी शक्यता असते. त्यांना आधीच कागद दाखवा आणि त्यात भर घालायची असेल तर सातच्या आत घाला म्हणावं.

‘मग सेन्सर बसवा ना!’ तुम्ही नेमकं हेच वचन देऊन बसलात, आणि पिन क्लचच्या प्रेसवर ते पाळूनही उपयोग होणार नाही. पिन एकदा घुसली की पूर्ण फेरा झाल्याशिवाय ती सुटत नाही, मध्ये थांबवायची सोयच त्या क्लचमध्ये नाही. मिनिटाला 50 स्ट्रोकची प्रेस असेल तर एक फेरा 1.2 सेकंदांचा, म्हणजे रॅम खाली यायला साधारण 0.6 सेकंद. सेन्सरने हात पाहिला तरी तो रॅम थांबवणार कसा? अशा प्रेसला डायभोवती पक्का गार्ड लागतो, ज्याच्या फटीतून ब्लँक आत सरकतो पण बोट जात नाही; किंवा जॉब बाहेर काढायची रीतच बदलावी लागते; नाहीतर क्लच बदलावा लागतो. यातलं काय करायचं हे डाय पाहिल्याशिवाय ठरत नाही. त्या सकाळी उत्तर एवढंच: काय बसवायचं ते मेंटेनन्स आणि टूलरूम डाय बघून ठरवतील, तोवर प्रेस बंद आहे.

दहा ते अकराची वेळ का, हेही सांगतो. सर्वांसमोर ‘कुणाला काही सांगायचंय का’ विचारून कुणी सांगत नाही, ते तुम्ही पाहिलंतच. रिकामी खोली, सेटर नाही, मॅनेजर नाही. आलेल्याला कारण विचारू नका, दृश्य विचारा: तू कुठे उभा होतास, पेडलवर पाय होता का, रॅम वर थांबल्यावर पुन्हा आला की थांबलाच नाही, आवाज वेगळा होता का, कुठल्या दिवशी, कुणाला सांगितलं? त्याच्या शब्दांत लिहा आणि वाचून दाखवा. रात्री गणेशच्या शेजारी असलेला हेल्पर दुपारी कामावर आला तर त्याला त्या दिवशी प्रेसवर बसवू नका, हात कापत असतात. पॅकिंगला घ्या आणि हजेरी पूर्ण लावा. त्याचं म्हणणं इतरांशी गप्पा होण्याआधी घ्या, रात्रीच घेतलेलं असेल तर फार उत्तम.

साडेतीनचं दुसरं बोलणं चुकवू नका, सांगण्यासारखं काही नसलं तरी. “दोन नंबरचा ब्रेक उघडला, लायनिंगला तेल आहे. पाच नंबर अजून बघायचा आहे. गणेश वॉर्डमध्ये आला.” एवढी तीन वाक्यंही चालतात. वेळ दिली आणि उभे राहिलात नाही, तर पोरं पुढचं गेटवर विचारतात.

तुमच्याकडे आता महिना उलटलाय, पण दोन वाक्यं अजून मागे घेता येतील, तीही सगळ्यांसमोरच. एक असं: “त्या दिवशी मी हात घालण्यावर बोललो, तेव्हा प्रेस दोनदा डबल मारली होती हे मला माहीत नव्हतं. तसं बोलायला नको होतं.” आणि दुसरं सेन्सरचं, वर लिहिलेल्या कारणासकट. त्यानंतर ब्रेकडाउन रजिस्टर उघडून पोरांसमोर पहिल्या ओळीत त्या दोन डबल स्ट्रोकची नोंद करा, तारीख आणि पाळी घालून. ज्याने पाहिलं त्याची तयारी असेल तरच त्याचं नाव. खाली नियम लिहा: रॅम एकदा जरी न दाबता आला, तर ऑपरेटरने मेन स्विच बंद करायचा, जॉब आहे तसा सोडायचा आणि सेटरला न विचारता इथे लिहायचं.